कोपऱ्यातला सरस

कॅनव्हास ताणावा तर ताणेभाऊनंच, असं पेठेतले चित्रकार म्हणत. चारी बाजूंच्या मध्यावर आधी एकेक पिन, मग पक्कडीनं ओढत समोरासमोर पिना मारत कोपऱ्याकडं सरकायचं. कोपऱ्याची घडी अशी दाबायची की इस्त्रीवाल्यानं लाजावं. त्याच्या कापडावर टिचकी मारली की ढोलासारखा आवाज निघे.

त्या दिवशी त्याची थोरली बहीण आक्का चादरीत गुंडाळलेलं चित्र घेऊन आली. बावीस वर्षांपूर्वी तिनं आईला समोर बसवून काढलेलं. आता आक्काला दिसतं ते धुक्यातल्यासारखं. नवं चित्र होणे नाही. प्रदर्शनात हे एकच लावायचं होतं, पण ओल आलेल्या भिंतीवर राहून कापड झोळलं होतं. आईचा गाल पोटासारखा लोंबत होता. प्रदर्शनवाला म्हणाला होता, झोळ काढा, चारला गाडी येईल, नाहीतर राहू द्या.

"पाचरी ठोक आणि मोकळं कर मला," आक्का म्हणाली.

चौकटीच्या आतल्या कोपऱ्यांत लाकडी पाचरी होत्याच. हलक्या हातानं ठोकल्या की सांधे केसभर उघडतात, चौकट वाढते, कापड ताणतं. त्यानं हातोडीनं टकटक केलं. सांधा हलेना. जरा जोर केला तर लाकूड करकरलं. त्यानं वाकून भिंग लावलं अन् हात खाली आला. फटीत पिवळा सरस.

सरस त्यानंच घातलेला. तेव्हा या कामात नवा होता, अंगात मस्ती. पाचरींचा काय भरवसा, एकदा चिकटवलं की जन्मभर हलायचं नाही, असं म्हणाला होता. पाचरी बसवल्या त्या नुसत्या शोभेला.

"मग पिना उपसून परत ताण," आक्का म्हणाली.

त्यानं चौकट पालथी केली. पिनांच्या कडेला कापड अगदी लगत कापलेलं, सुबक. पक्कडीला धरायला बोटभरसुद्धा शिल्लक नाही. ती टापटीपही त्याचीच.

"मागून पाणी मारलं तर?"

"आज ताणेल. वाळलं की दुप्पट लोंबेल, वर रंगाचे पापुद्रे निघतील."

"दुसरा कुणी?"

"कडेला नवं कापड जोडणारे आहेत. लांब आहेत. महिने लावतात."

आक्कानं चित्रावर टिचकी मारली. ओल्या पोत्यासारखा आवाज आला.

"सगळ्या पेठेची ताणलीस की रे," ती म्हणाली. "घरचंच बरं सापडलं शिकायला."

त्यानं हातोडी उचलली. उगाच एक पाचर पुन्हा ठोकून पाहिली. करकरलं, तशी सोडली.

चारला गाडीवाल्यानं दारातून विचारलं, "आहे का तयार?"

ताणेभाऊनं हातोडी खाली ठेवली. आक्का चाचपडत चादर शोधत होती.

"जा बाबा तू," तीच गाडीवाल्याला म्हणाली.