बायकांच्या तोंडची तीन वाक्यं

सोळाव्या वर्षी मला वाटायचं, निजामाच्या सगळ्या मुलखात उर्दू आणि मराठी दोन्ही नीट येणारी बाई एकच, आणि ती मी. वडील तहसिलीत कारकून, शाळा उर्दू, घर मराठी. एवढ्या भांडवलावर नाक इतकं वर, की चालताना पायाखालचं शेण दिसायचं नाही.

गंगाखेडच्या दवाखान्यात हैदराबादेहून डॉक्टरीणबाई आल्या होत्या. मराठी त्यांना कामापुरती. खेड्यातल्या सुइणींसाठी त्यांनी उर्दूत एक कागद लिहिला होता: काय दिसलं की बाळंतिणीला लगेच दवाखान्यात आणायचं. त्याचं मराठी करायला मला बोलावलं.

मी ऐटीत करून नेलं. ‘खून जारी रहे’चं ‘रक्त जारी राहिल्यास’. ‘दर्द उठें’चं ‘वेदना उठल्यास’. शब्दाला शब्द. काढा चूक!

“अच्छा है बेटी,” त्या म्हणाल्या. “अब हर बात के तीन-तीन जुमले लाओ. औरतों के मुँह से सुने हुए.”

रक्त ‘जारी राहतं’ असं कुणी बोलतं का, की रक्ताची गोष्ट बायका भलत्याच शब्दांनी करतात, हे ऐकायचं, दर गोष्टीची तीन वाक्यं वहीत जशीच्या तशी टिपायची आणि मग कागद दुरुस्त करायचा. साधं काम.

पण आम्ही विदुषी! विहिरीवर जाऊन बायकांचं बोलणं टिपायचं? मी घरीच पडवीत बसले आणि शेंगा खातखात सगळी वाक्यं स्वतःच रचून वहीत उतरवली. ‘माझ्या बहिणीचे रक्त जारी राहिले.’ ‘शेजारणीला वेदना उठल्या.’ माझा शब्द बरोबर असल्याची साक्ष मीच दिली. बायका ‘अंगावरून जातं’ म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं का? आई-मावशीच्या तोंडी तेच असायचं. पण ते घरातलं. कागदावरचं मराठी कसं धुऊन वाळवलेलं हवं!

दवाखान्याच्या अंगणात सहा सुइणींपुढे मी कागद वाचला. त्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांत म्हातारीनं तर घडाघडा म्हणून दाखवला. मी घरी जाऊन आईला सांगितलं, “कसा बसला बघ डोक्यात!”

आठच दिवसांनी तीच म्हातारी बैलगाडीतून एक बाळंतीण घेऊन आली, सोबत तिची सासू. पोरगी माझ्याच वयाची. ओठ चुन्यासारखे पांढरे, गाडीतलं गवत लाल. मी दारातच होते. डॉक्टरीणबाई पोरीला आत घेऊन गेल्या आणि किती तरी वेळ बाहेर आल्या नाहीत.

बाहेर आल्या तेव्हा बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या. “जी गई,” म्हणाल्या. पोरगी वाचली होती. मग म्हातारीकडे वळल्या, “कागज याद था ना? इतनी देर क्यों?”

मी ते मराठीत सांगितलं तशी म्हातारी माझ्यावरच उखडली. “पाठ हाय की तुमचा कागद! सकाळीच हिच्या सासूला म्हणून दाखवला. सासू म्हणती, हे सरकारी वाचन हाय, आपल्या घराला काय करायचंय? बाळंतिणीच्या अंगावरून जायचंच. दुपारी मीच म्हणलं, आगं, पोरीच्या अंगावरून लय जायलंय, फडक्याची घडीवर घडी भिजायलीय, मरंल ती. तवा सासूच पळाली बैल जुंपायला.”

सकाळ ते दुपार. तेवढा वेळ त्या पोरीचं रक्त माझ्या मराठीखाली वाहत होतं. ते शब्द चुकीचे नव्हते, सासूला कळलेही होते. फक्त तिच्या घरात तसं कुणी बोलत नव्हतं.

हे मला उर्दूत सांगावं लागलं, डॉक्टरीणबाईंच्या तोंडाकडे बघत. त्यांनी वही मागितली. म्हातारीला म्हणाल्या, “सुनो.” मला म्हणाल्या, “पढ़ो.”

मी वाचलं. ‘माझ्या बहिणीचे रक्त जारी राहिले.’

म्हातारी डोळे बारीक करून म्हणाली, “अशी बोलणारी बाई मी आजून बाळंत केली न्हाई. कुठल्या गावची म्हनं तुमची ही बहीण?”

मला बहीणच नव्हती.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला खाटेजवळ, सासूच्या शेजारी बसवलं. पुढचे चार दिवस मी तिचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांचं बोलणं मुकाट टिपत होते. ‘ताप चढला’ तेवढं माझं टिकलं. सगळ्याच तसं म्हणत. वेदना कुणालाच उठेनात, सगळ्यांना कळा यायच्या. आणि ‘अंगावरून जातं’ एवढ्यानंही भागेना. ते रोजच्या साध्या जाण्यालाही म्हणत, त्याला कुणी घाबरत नसे. जिवावरची गोष्ट सांगताना मात्र दर वेळी मागोमाग ‘घडीवर घडी’ यायचं. ते एकट्या शब्दाकडे बघून मला जन्मात कळलं नसतं.

पाचव्या दिवशी नवा कागद सासूला वाचून दाखवला: “बाळंतिणीच्या अंगावरून लय जायलंय, घडीवर घडी भिजायलीय...”

पुढचं तिनं ऐकलंच नाही. “आगं बाई!” म्हणत उठली आणि झोपलेल्या सुनेचं पांघरूण वर करून बघायला लागली.