जावेच्या नादानं लागलेले ऑटोपे

ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या त्या बाईंना थोरल्या जावेचं काही म्हणजे काही बघवत नसे. जाऊ योगवर्गाला जाऊ लागली, तर यांनीही नाव घातलंच, फीही दरमहा खात्यातून आपोआप कापायला लावली. ती अ‍ॅपवर इंग्रजी शिकू लागली, तर यांनीही त्याच अ‍ॅपला दरमहा पैसे कापायची परवानगी देऊन टाकली. पुढे दोन्हीकडे बाई स्वतः फिरकल्याही नाहीत.

एका दुपारी पार्लर रिकामं होतं. पैसे कापल्याचा मेसेज आला, तशा बाई चिडून पेमेंट अ‍ॅपमधलं ऑटोपेचं पान उघडून बसल्या. योगवर्गावर बोट ठेवलं, 'रद्द करा' दाबलं, पिन टाकला. ते सुटलं. इंग्रजीपाशी मात्र बोट अडलं. आपण सोडलं आणि ती फाडफाड बोलायला लागली तर?

त्यांनी सरळ जावेला फोन लावला. "ताई, इंग्रजी कुठवर आलं?"

"अगं, ते मी कधीच सोडलं. तू मात्र नेटानं चालू ठेवलेलं दिसतंय हं! खरं सांगू, मला तुझा हेवा वाटतो."

बाईंच्या जिवाला असं गार कधी वाटलं नव्हतं. फोन ठेवून त्यांनी इंग्रजीही रद्द केलं. जावेला मात्र त्यातलं अक्षरही कळू दिलं नाही.