कठडा कोणी खाली ठेवला

काही वर्षांपूर्वी मी नवी मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयाच्या तक्रार कक्षात कामाला लागलो. नातेवाइकांच्या तक्रारींना मराठीत उत्तरं लिहायची, हे माझं काम. तालुक्याच्या कॉलेजातून मराठी घेऊन बी. ए. झालेल्या मुलाला कोण विचारतो, असं मला वाटायचं. प्रशासन अधिकाऱ्यांनी विचारलं. माझं अक्षर आणि शुद्धलेखन बघून त्यांनी मला खुर्ची दिली. आमच्या घरात खुर्चीवर बसून काम करणारा मी पहिला. त्या माणसाचे उपकार मी आजही नाकारत नाही.

पत्रांची भाषा ठरलेली होती. ‘रुग्णाला दुपारी एक्स-रेसाठी नेण्यात आले.’ ‘नातेवाइकांना कल्पना देण्यात आली.’ मला त्यात काही खटकायचं नाही. एक्स-रेला नेणारा वॉर्डबॉय कोण होता, याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. नेलं की नाही, एवढंच महत्त्वाचं असतं. तिथे ‘नेण्यात आले’ हेच बरोबर.

मग घणसोली गावातल्या एका बाईंची तक्रार आली. त्यांची ऐंशीच्या पुढची आई न्यूमोनियासाठी आमच्याकडे दाखल होती. एका दुपारी ती पलंगावरून पडली आणि तिचा खुबा मोडला. रुग्ण पडू नये म्हणून पलंगाच्या बाजूला जो कठडा असतो, तो खाली होता. तक्रारीत एकच प्रश्न होता: कठडा कोणी खाली ठेवला?

अधिकाऱ्यांनी मसुदा सांगितला, मी टाइप केला. बाई पत्र न्यायला स्वतः आल्या. चष्मा घरी राहिला म्हणाल्या, म्हणून मी वाचून दाखवलं, “सदर घटनेच्या वेळी पलंगाचा कठडा खाली ठेवण्यात आला होता. ही बाब खेदजनक आहे.”

“म्हंजे कोनी ठेवला?”

“तसं यात लिहिलेलं नाही.”

“मग काय आपल्या पायानं खाली आला तो?” त्या शेजारच्या बाकावर बसल्या. “माझे भाडेकरू असंच बोलतात. नळ तोरतात नि सांगतात, काकी, नळ तुटला. पोरा, मला भांडायचं नाय. आई रोज इचारते, मी कशी परले. तिला काय सांगू? साहेबाला इचार नि नीट लिहून दे.”

मी पत्र घेऊन आत गेलो.

“सर, या वाक्यात कर्ता नाही.”

“कर्ता कशाला पाहिजे? इतर पत्रांत कुठे असतो?”

“तिथे कोणी विचारत नाही सर. इथे तेवढंच विचारलंय.”

त्यांनी पेन हातात घेतलं. “बरं, ‘कठडा खाली राहिला’ असं कर.”

“मग कठडाच आपणहून राहिला असं होतं.”

“‘कर्मचाऱ्यांकडून कठडा खाली ठेवला गेला’?”

“‘माझ्याकडून चहा प्यायला गेला’ म्हटल्यासारखं वाटतं, सर. असं कोणी बोलत नाही. आणि कर्मचारी म्हणजे नेमकं कोण?”

ते हसले. “तू मास्तर व्हायचास, चुकून इथे आलास. जा. तुझा कर्ता शोधून देतो.”

मी खूश होऊन बाहेर आलो. शाळेत आमचे सर फळ्यावर वाक्य लिहून विचारायचे, “क्रिया कोणी केली?” उत्तर आलं की पुढे जायचे. मला वाटलं, त्यांचं शिकवणं आज कामी आलं.

दोन दिवसांनी चौकशी झाली म्हणून मला नवा मसुदा मिळाला. ‘साफसफाई करताना वॉर्डातील मावशींनी कठडा खाली केला व तो वर न करताच त्या निघून गेल्या.’ वाक्यात काहीच अडत नव्हतं. कोणी केलं, काय केलं, सगळं सरळ होतं. क्षणभर मला ते आवडलंसुद्धा.

पण बाईंची आई पडली त्या दुपारी मी साहेबांच्या केबिनबाहेर बसलो होतो. वरच्या मजल्यावर पाहणीला कोणीतरी येणार होतं. साहेबांनी वॉर्डात फोन लावला होता, आणि तो मी ऐकला होता. “हातातलं काम सोडा, सगळ्या मावशींना वर पाठवा. आत्ता.” त्या पलंगाच्या कठड्याचा खटका अडकायचा, दोघींनी धरल्याशिवाय तो वर बसायचा नाही. दुसऱ्या मावशी यायची वाट बघत या मावशी थांबल्या होत्या, तेवढ्यात हा निरोप आला. हे त्यांनीच नंतर जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना सांगितलं होतं.

मी माझं वाक्य लिहिलं. ‘प्रशासनाने मावशींना काम अर्धवट सोडायला लावून वर बोलावले, त्यामुळे कठडा खाली राहिला.’ ते साहेबांसमोर ठेवलं. त्यांनी शांतपणे वाचलं.

“यातही कर्ता आहे की,” ते म्हणाले. “पण हा नको.”

“सर, मी फोन ऐकला होता.”

“कोणीतरी पाहिजे, असं तूच म्हणालास ना? दिलं कोणीतरी. आता टाइप कर.”

मी टाइप केलं. नाही म्हणता आलं असतं. पण गावी सगळ्यांना सांगून झालं होतं की मुलगा ऑफिसात बसतो. आणि समोरचा माणूस तोच होता, ज्याने मला बसवलं होतं.

घणसोलीच्या बाई पुन्हा आल्या. मी वाचून दाखवलं.

“कोन, ती जाडी मावशी? ती तर आईला भरवायची.”

मी ‘हो’ म्हणून मान हलवली.

“मला वाटलं, कोन तरी मोठा असंल.” त्यांनी कागदाची घडी केली. “आता तिचं काय करनार?”

“माहीत नाही.”

“मग मी नस्ता इचारला तर बरा होता,” त्या म्हणाल्या. आईला काय सांगणार, ते मी विचारलं नाही.

मावशी कंत्राटदाराकडून आलेल्या होत्या. त्यांना पत्रसुद्धा मिळालं नाही. उद्यापासून येऊ नका, असं मुकादमाने तोंडी सांगितलं. आठवड्याने त्या माझ्या टेबलापाशी आल्या.

“दादा, माझं तुमी लिवलं म्हणं.”

“मला लिहायला सांगितलं होतं, मावशी.”

हेही खोटं नव्हतं. ‘मी लिहिलं’ हे दोन शब्द मात्र तोंडातून निघाले नाहीत. त्यांनी हातातली पिशवी टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, “असू द्या. आता एक चांगलं लिवा. हितं काम केलं म्हणून. तुर्भ्याला एका दवाखान्यात इचारलंय, ते कागद मागत्यात.”

मी लगेच लिहिलं. ‘यांनी या रुग्णालयात सहा वर्षे मनापासून काम केले.’ सहीसाठी आत नेलं.

“ती आपली नाहीच,” साहेब म्हणाले. “कंत्राटदाराला सांग.”

कंत्राटदाराने फोनवर सांगितलं, काम रुग्णालयात केलं, तर सही रुग्णालय देईल. मी दोनदा आत गेलो. दुसऱ्यांदा साहेबांनी मान वर केली नाही.

मावशी पुन्हा आल्या तेव्हा कागद माझ्या खणात होता, सही नसलेला. त्यांनी तो मागून घेतला आणि वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचला.

“चांगलं लिवलंय,” त्या म्हणाल्या. “सही न्हाई, तरी दावून बघते. अक्षर तुमचं सायबासारखंच हाय.”

तो कागद कोणी घेणार नाही, हे मला माहीत होतं. मी सांगितलं नाही. त्यांनी तो पिशवीत नीट सरळ ठेवला, घडी पडू नये म्हणून.