हजेरीत रंजनी

बालाजीरावांना माणसांचा वीट आला होता असं म्हटलं तर ते त्यांना आवडलं नसतं. माणसांच्या कारणांचा आला होता. श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात ते रात्रपाळीचे सुपरवायझर. गाड्यांच्या ब्रेकमध्ये बसणारे इलेक्ट्रॉनिक बोर्ड तिथे तयार होत. इतक्या वर्षांत त्यांनी ऐकलेल्या कारणांमध्ये एकाच कामगाराची आजी चारदा वारली होती आणि पाचव्यांदा आजारी होती. राव खरंखोटं करत बसत नसत. ‘बरं’ म्हणत, माणूस बदलत आणि डबा उघडत. घरचं बोलणं तंजावरी मराठीत, कारखान्यातलं तमिळमध्ये, आणि वैताग दोन्हींत.

वेलचेरीच्या थांब्यावर कंपनीची बस उभी होती. पायरीवर पाय ठेवतात तोच फोन वाजला. पाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संदेश होता. नियमच तसा होता: यायचं नसेल तर बस सुटण्याआधी ग्रुपवर लिहायचं, सुपरवायझरला वेगळं कुजबुजायचं नाही.

‘सार, माझ्या अनन्याला एकदम ताप चढून झटका आला. अण्णा नगरला मुलांच्या दवाखान्यात आणलंय, रात्रभर ठेवून घेणार आहेत. आजच्या पाळीला येता येणार नाही. माफ करा. रंजनी, तपासणी.’

रंजनी त्यांच्याच पाळीत, सूक्ष्मदर्शकाखाली बोर्ड तपासायच्या जागेवर. त्या जागेचं काम भलत्याकडे द्यायचं नाही, परीक्षा पास झालेलेच तिथे बसतात. रात्रपाळीत अशा दोघीच: ही आणि संयुक्ता. संयुक्ता लग्नाला गावी गेली होती. थोडक्यात, आज तपासणीला कुणी नाही.

रावांनी खिडकीजवळची जागा पकडली आणि प्रॉडक्शन मॅनेजर कृष्णस्वामींना फोन लावला. बोर्ड बनवत राहू, लाल चिठ्ठी लावून रॅकमध्ये ठेवू, सकाळच्या पाळीतली बाई येईल ती तपासेल, असा त्यांचा साधा हिशेब होता.

‘राव, पहाटे ट्रक आहे,’ कृष्णस्वामी म्हणाले. आवाज असा गोड, की रावांना तिथेच कळलं, पुढचं ऐकवणार नाही. ‘त्या पोराला बसवा ना, सोल्डरिंगच्या. डोळे चांगले आहेत.’

‘त्याचं लॉगिन नाही सार. मशीन घेणार नाही.’

‘रंजनीचं आहे की. तिच्या नावाने बसवा.’

रावांनी बाहेर पाहिलं. एक शेअर ऑटोवाला त्यांच्या बसच्या पुढे आडवा येऊन शिव्या खात होता.

‘ती दवाखान्यात आहे सार.’

‘तेच म्हणतो मी. बिचारी! हजेरी जाईल तिची. सहा महिन्यांत एक गैरहजेरी नाही, पुढच्या महिन्यापासून तिला दिवसपाळी द्यायचं मीच सांगितलंय. आजची एक मोडली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. तिला हजर दाखवा, काम तिच्या नावावर होऊ द्या. तिचं भलं, आपलं भलं. फक्त तो मेसेज तिला काढायला सांगा, सगळ्यांसाठी डिलीट. एचआरची मुलगी ग्रुपवर असते.’

वर आणखी म्हणाले, ‘माणुसकी ठेवावी लागते, राव.’

माणुसकी! रावांना त्या शब्दाचीच किळस आली. लबाडी रोजचीच होती, तिने काही होत नसे. पण ही लबाडी पोरीच्या तापाची गोधडी पांघरून आली होती. उद्या एखाद्या गाडीचा ब्रेक लागला नाही, बोर्ड परत आला, की मशीन नाव काढेल रंजनीचं. आणि हाच गोड गळा म्हणेल, बाई, पाहिलं नाहीस का नीट?

घाण ती घाण. पण ती दिवसपाळीही खरीच होती. नवरा दुबईत, सासू चेंगलपट्टूला, पाच वर्षांची पोर रात्रीची शेजारणीकडे झोपायची. त्या दिवसपाळीसाठी रंजनीने सहा महिने सर्दी-खोकल्यासकट बस पकडली होती. हे रावांना ठाऊक होतं; तिनेच एकदा डबा खाताना सांगितलं होतं.

ते विचार करत असतानाच फोन वाजला. रंजनी. कृष्णस्वामी जास्तच तत्पर निघाले होते.

‘सार, मॅनेजर सारांचा फोन आला होता. मेसेज काढ म्हणाले.’ मागे कुणाचं तरी मूल रडत होतं. ‘तुम्ही सांगा. तुम्ही म्हणालात तर काढते.’

‘पोर कशी आहे?’

‘झोपलीये. डॉक्टर म्हणतात, तापाचा झटका, घाबरू नका. न घाबरून काय करू? हात-पाय ताठ झाले होते तिचे. सार, काढू ना?’

‘काढून काय होईल, ते सांगितलं त्यांनी?’

‘हजेरी लागेल.’

‘आणि तुझ्या नावावर दुसरा कुणी बोर्ड पास करेल. ते सांगितलं?’

‘नाही सार.’

‘ब्रेकचे आहेत ते,’ राव म्हणाले. ‘उद्या काही झालं तर मशीन तुझं नाव सांगेल. तू म्हणशील मी दवाखान्यात होते, ते म्हणतील हजेरीत तर आहेस. मेसेज तर तूच काढलेला.’

‘थू!’ रंजनी म्हणाली. इतकी मनापासून की पुढच्या सीटवरच्या मुलीने मागे वळून पाहिलं. ‘आणि केवढ्या गोडीने बोलला हो तो माणूस! अनन्याला खाऊ घे म्हणाला.’

रावांना हसू आलं, पण आतली किळस गेली नाही. त्यांनी फोन तसाच चालू ठेवला आणि ग्रुप उघडून लिहिलं: ‘रंजनीचा निरोप मिळाला. आजची रजा. मूल दवाखान्यात. तपासणीची जागा रिकामी राहील, बोर्ड लाल चिठ्ठीवर ठेवले जातील. बालाजीराव.’ पाठवलं. ग्रुपवर पस्तीस माणसं होती. आता काढायचं काही उरलंच नव्हतं.

कृष्णस्वामींचा फोन लगेच आला. रावांनी घेतला नाही. पुन्हा आला. तोही घेतला नाही. ट्रक सकाळपर्यंत उभा राहणार, आणि त्याचं बिल कुणाच्या नावावर लागणार हे त्यांना पक्कं माहीत होतं.

‘सार,’ रंजनी अजून फोनवर होती. ‘मेसेज वाचला मी.’

‘हं.’

‘चांगलं केलंत म्हणायला हवं. मला म्हणवत नाही. माझी दिवसपाळी गेली ना?’

‘रजा मंजूर केली, गैरहजेरी नाही. दोन्हींत फरक आहे.’

‘हा फरक तुम्हाला माहीत, मला माहीत. त्यांना माहीत आहे का?’

‘मी एचआरला लिहीन,’ राव म्हणाले. आणि म्हणता म्हणता स्वतःचाच राग आला, कारण हेच वाक्य त्यांनी आजवर कितीजणांना ऐकवलं होतं आणि डबा उघडला होता.

‘कधी?’

‘उद्या.’

‘उद्या ते सार तुमच्यावरच चिडलेले असतील. आत्ता लिहा. अनन्या झोपलीये, मला कुठे जायचं नाही. तुम्ही लिहा, मी फोन धरून ठेवते. मॅनेजर सार काय बोलले ते पण लिहा.’

‘ते लिहिलं तर माझीही दिवसपाळी होईल, कायमची. घरी.’

‘मग घाबरलात?’

बस पूनमल्लीच्या वाहतुकीत अडकली होती. रावांनी चष्मा पुसला आणि फोन स्पीकरवर टाकला. पुढच्या सीटवरची मुलगी आता उघडउघड ऐकत होती. ऐकू दे.

‘सांग,’ ते म्हणाले, ‘तुला त्यांचा फोन आला तेव्हा पहिलं वाक्य काय होतं? जसंच्या तसं सांग.’