जून बोकडाची मांडी

फाट्यापासून बाळापूरचं निम्मं अंतर आम्ही चालून आलो होतो. एसटीनं हायवेवरच उतरवून दिलं होतं आणि खातूनबीचा जावई दुचाकी घेऊन येणार होता, तो काही आला नव्हता. ऊन चांगलंच तापलेलं. खातूनबी माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठ्या, पण चार पावलं पुढेच. हातातल्या पिशवीत त्यांचा निकालाचा कागद. ओढ्यावरच्या मारुतीसमोर मी हात जोडायला थांबले, तशा त्याही थांबल्या. म्हणाल्या, "मांग, मांग. माह्या नावचं मात्र नको मांगू. मी काही चुकली नाई."

खातूनबी अकोल्याच्या मुलींच्या वसतिगृहात एकोणीस वर्षांपासून स्वयंपाक करतात. मी त्यांच्या हाताखाली सहा वर्षं. मुख्य स्वयंपाकिणीची जागा रिकामी झाली तेव्हा वरून नियम आला, की प्रमाणपत्र असेल तिलाच जागा. नाही तर बाहेरची कोणी कागद घेऊन येणार आणि एकोणीस वर्षांची बाई तिच्या हाताखाली कांदे चिरणार. म्हणून आम्ही दोघींनी केटरिंगच्या एका खासगी संस्थेत नाव घातलं. बाळापुरात लग्नाच्या मोठमोठ्या देगी उतरवणारी ही बाई वही घेऊन पहिल्या बाकावर बसायची.

पहिल्याच आठवड्यात धडा आला, ओली उष्णता आणि कोरडी उष्णता. उकडणं, वाफवणं, झाकून मंद शिजवणं हे ओलं. भाजणं, शेकणं, भट्टीत ठेवणं हे कोरडं. तळणं कोरड्यात कसं, यावर खातूनबी माझ्याशी भांडल्या.

"तेल काय कोरडं असते का वं?"

"तेलात पाणी नसतं, म्हणून. भजं टाकल्यावर जे चरचरतं ते भज्यातलं पाणी बाहेर पडतं."

त्यांनी घरी जाऊन कढईसमोर उभं राहून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "हाव, तू खरं बोलली." एवढंच. चूक दिसली की ही बाई मान्य करते, हे मला तेव्हाच कळलं.

मटणाचं मात्र मला काही येत नव्हतं. आमच्या घरी शिजत नाही, गुरुवारी माझी पोथी असते. कोणता भाग कशाला, याचा तक्ता मी पाठ केला होता. मान, खांदा, नळी ओल्या उष्णतेला. बरगडीची चाप, पाठीचं मांस कोरड्याला. मांडी रोस्टला, म्हणजे भट्टीत भाजायला. खातूनबीनं माझ्या पोटरीवर चापट मारून सांगितलं, "तक्ता काय पाठ करतं? जे जनावर चालवते ते घट्ट. पाय, खांदा, मान. त्यात पांढऱ्या शिरा असतात. त्या पान्यात, झाकन लावून, मंद आचेवर धीरानं विरघळतात. पायाचा रस्सा थंड झाला का थिजते, ते त्याच्यानंच. पाठीवरचं मांस काही काम करत नाई, नुस्तं बसून ऱ्हायते. ते निखाऱ्यावर झटपट होते. त्याले पान्यात घोटून ठेवलं तर चव गेली."

"आणि मांडी?"

"मांडीले आधी वय विचारावं लागते."

परीक्षेच्या दिवशी सकाळी प्रात्यक्षिक, दुपारी लेखी. परीक्षक योगेश सर अमरावतीहून आले होते. टेबलावर बोकडाची मांडी. खातूनबीनं अंगठ्यानं दाबून पाहिली. मांस गर्द लाल, चरबी पिवळसर.

"सर, हा म्हातारा हाय. यानं तीन बकरी ईद चुकवल्या."

सगळ्या बाया हसल्या. सरही हसले, म्हणाले, "मावशी, पुस्तकात मांडी रोस्ट आहे. भट्टीत घाला."

घातली. मोठ्या आचेवर दीड तास. वरून सुरेख तांबूस झाली, आणि कापायला घेतली तर सुरी अडून राहिली. सरांनी सुरीला दोष दिला. दुसरी सुरी आणली. मग त्यांनी एक तुकडा तोंडात घातला आणि बराच वेळ चघळत राहिले.

खातूनबीनं कोणाला विचारलं नाही. उरलेली मांडी मोठ्या तुकड्यांत तोडली, पातेल्यात कांदा, आलं-लसूण, तुकडे निम्मे बुडतील एवढंच पाणी, वर घट्ट झाकण, खाली बारीक आच. दोन तासांनी झाकण काढलं तर मांस हाडावरून नुसत्या पळीनं सुटत होतं. सरांनी दोन तुकडे भाकरीशी खाल्ले. तिसरा मागितला, तेही मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

आणि दुपारच्या पेपरात प्रश्न आला : बोकडाच्या मांडीसाठी योग्य पद्धत कोणती? कारण लिहा. दोन गुण.

खातूनबी सातवीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेल्या, मराठी अक्षर सावकाश काढतात. त्यांनी लिहिलं, 'कोवळा असेल तर कोरडी. सकाळच्यासारखा जून असेल तर ओली, कारण शिरा विरघळायला पाणी आणि वेळ लागतो.' शून्य मिळालं. पास व्हायला चाळीस हवे होते, त्यांना अडतीस पडले.

निकालाच्या दिवशी योगेश सर काही वाईट बोलले नाहीत. "मावशी, माझ्याकडे उत्तरांचा कागद वरून येतो. तुम्ही एक अर्ज द्या, उत्तर चुकलं, सहानुभूतीने विचार व्हावा. दोन गुण मी ग्रेसमध्ये देतो."

"सहानुभूती मयतीले नेतात, सर. मी तर जिती हाय."

"हट्ट कशाला करता? जागा जाईल."

"मंग तीन तुकडे कशाचे खाल्ले? चुकल्या उत्तराचे?"

सर लाल झाले. बाहेर आल्यावर मी खातूनबीला म्हटलं, की दोन ओळी लिहून टाका, कोणाचं काय जातं. त्या माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी कणीक मळताना म्हणाल्या, "उद्या बाळापूरले घरी ये. अर्ज लिहायचा हाय." मला वाटलं, नमल्या. म्हणून मी निघाले होते.

रस्त्यात कळलं, अर्ज दुसराच आहे.

"लिही का प्रश्न अर्धा हाय. वय सांगतलं नाई तर उत्तर एक नाई होत. 'नम्र विनंती' लिहू नको. 'चुकलं' तर बिलकुल नाई."

"आणि नाही ऐकलं तर? जागा दुसरीला गेली तर?"

"तर कांदे चिरीन. पन चिरताना मान खाली नाई घालनार."

गाव दिसायला लागलं होतं. त्या थांबल्या. पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि माझ्याकडे सरळ पाहिलं.

"पौर्णिमा, सकाळी ते मांडी कशी झाली होती?"

"चामड्यासारखी."

"अन् दुपारी तू पेपरात काय लिवलं?"

मी रोस्ट लिहिलं होतं. मला दोनाचे दोन मिळाले होते.

"मी कोनाले सांगतलं नाई. तुले मार्क पाहिजे होते, तू लिवलं. पन आता अर्जात माह्या सहीखाली तुही सही पाहिजे. लिही, की मी सकाळी डोयानं पाह्यलं, तरी दुपारी पुस्तकाचं लिवलं अन् मले दोन मार्क भेटले. माह्या एकटीच्या बोलन्यानं नाई होत, ते म्हनतील म्हातारी हट्टी हाय. तू पास झालेली हाय. तू लिहून दे."