पुरवठादारावर मोर्चा नाही

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात मी लातूरच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात हिशेबाचा कारकून होतो आणि रविवारी नव्या जिल्ह्याच्या मागणीची पत्रकं लिहायचो. पत्रकाला अन्याय लागतो, गुन्हेगार लागतो आणि 'तात्काळ' लागतं. ऑफिसातही मी तसंच लिहायचो.

बुधवारी सकाळी डायलिसिसचा टेक्निशियन आला. टँकरच्या जड पाण्यानं आरओचे मेंब्रेन, म्हणजे मशीनचं पाणी गाळणारे पडदे, संपत आले होते. "आजचा दिवस निघंल. उद्या दुपारच्या पाळीला मशीन लावता येणार न्हाई," तो म्हणाला. त्या पाळीला चार पेशंट. नवे मेंब्रेन हैदराबादच्या पुरवठादाराकडं तयार होते. पण त्याचं मागचं बिल दोन महिने थकलेलं. चारच्या आत पैसे आले तर रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं माल टाकतो म्हणाला, नाहीतर नाही.

पैसे सोडायचे नांदेडच्या मुख्य कार्यालयानं, तेही दर शुक्रवारी. मी मेल ठोकला. त्यात न पडलेला पाऊस होता, व्यवस्था होती आणि पुरवठादार होता: आपत्तीत नफा कमावणारा, रुग्णांना वेठीस धरणारा. शेवटी, याचं बिल तात्काळ अदा करावं. वाचून मला बरं वाटलं.

अकराला नांदेडच्या, बिलं मंजूर करणाऱ्या मॅडमचं उत्तर आलं. पुरवठादाराबद्दल तक्रार दिसत असल्यानं बिल वादग्रस्त म्हणून रोखलं आहे.

आमच्या अकाउंटंट काकांनी ते वाचलं. "लेका, ह्याला पैसे द्यायचेत का ह्याच्यावर मोर्चा काढायचाय?"

"पण काका, त्यो अडवूनच बसलाय की!"

"दोन महिने पैसे कुणी अडवले? मालात खोट हाय?"

"न्हाई."

"दर जास्ती लावला?"

"न्हाई."

"मग तेवढंच लिव्ह. आन् स्टोअरची माल मिळाल्याची पावती जोड. तिच्याशिवाय बिल हलत नस्तंय."

पावती माझ्याच ट्रेमध्ये सापडली, पत्रकांच्या गठ्ठ्याखाली. तारीख दोन महिन्यांपूर्वीची. काकांनी तारीख पाहिली आणि स्टेपलर माझ्याकडं सरकवला. ते रागावले असते तर सोपं गेलं असतं.

दुसरा मेल असा: 'माल मिळाला आहे, दर ऑर्डरप्रमाणे आहे, तक्रार नाही. उशीर माझ्याकडून झाला. आज चारच्या आत रक्कम न पोचल्यास उद्या दुपारी चार रुग्णांचं डायलिसिस होणार नाही. शुक्रवारची वाट न पाहता सोडावी. बिल व पावती सोबत.'

मग फोनही केला. मॅडम म्हणाल्या, "हे सकाळीच लिहायचं की हो. ट्रस्टींची मंजुरी घ्यावी लागंल, थांबा."

तीन चाळीसला बँकेचा व्यवहार क्रमांक आला. तो मी पुरवठादाराला पाठवला आणि 'धन्यवाद' असंही लिहिलं.

खोकी सकाळी आली. मेंब्रेन बसवून, पाणी तपासून पाळी सुरू व्हायला दोन तास उशीर झाला. रेणापूरहून डायलिसिसला आलेले एक मामा माझ्यावरच चिडले, "उशीर हाय म्हणून एक फोन करायचा का न्हाई? जेवून तरी निघालो असतो."

मी म्हणालो, "चुकलं मामा," आणि त्यांच्यासाठी कँटीनमधून पोहे आणायला गेलो.