सावकाश आणि निळा फ्यूज

आमच्या गल्लीत भाड्याची गाडी चालवणारे एक काका राहतात. त्यांचं खरं नाव मला माहीत आहे, पण ते उच्चारलं तर कोणी ओ देईल असं वाटत नाही. सगळे त्यांना 'सावकाश' म्हणतात. समोर रस्ता मोकळा असला तरी हा माणूस गिअर बदलताना विचार करतो. लग्नाला निघालेली वरात त्यांच्या गाडीला मागे टाकून गेली, असं लोक सांगतात. खरं-खोटं देव जाणे.

मी मुळात तापट. त्यांच्या शेजारच्या सीटवर बसले की माझा उजवा पाय आपोआप न दिसणारा ॲक्सिलरेटर दाबायला लागतो. तरीही आईला कुठे न्यायचं असलं की मी फोन त्यांनाच करते. कारण आईची फुप्फुसं आता जवळजवळ संपावर गेली आहेत. तिला चोवीस तास ऑक्सिजन लागतो. घरात मोठं मशीन घरघरत असतं आणि बाहेर जायचं तर खांद्याला अडकवायचं छोटं मशीन आहे. ते हवेतूनच ऑक्सिजन वेगळा काढून नळीने नाकात सोडतं. त्याची बॅटरी दीड तास टिकते, फार तर पावणेदोन. पुढे वीज हवी. गाडीत ती मिळते गिअरच्या पुढे असलेल्या त्या गोल सॉकेटमधून, जिथे लोक फोनचे चार्जर खुपसतात.

सावकाशकाकांच्या गाडीतून बहुतेक आजारी माणसंच जातात. डायलिसिसवाले, प्लास्टरवाले, डोळ्यांवर पट्टी बांधलेले. कोण उलटी करणार हे त्यांना आधी कळतं आणि पिशवी हजर असते. गाडी तर इतकी स्वच्छ, की चप्पल घालून आत बसायला संकोच वाटावा. प्रत्येक फेरीनंतर जंतुनाशकाच्या पाण्याने सगळं पुसायचं. दारांच्या खाचा, सीटच्या पट्ट्यांची बकलं, काचेची बटणं, काहीही सुटत नाही. काकू म्हणतात, "एवढी निगा माझी राखली असती तर मी अजून सोळाची दिसले असते."

त्या सकाळी आम्हाला मावशीकडे जायचं होतं.

मावशी म्हणजे आईची पाठची बहीण, तीन तासांवरच्या गावात राहते. कंबरेचं हाड मोडल्यापासून ती पलंगावर आहे. दोघींचं रोज फोनवर बोलणं चालायचं, त्यावर दोघी जगत होत्या. मग मावशीचे कान गेले. यंत्र लावूनही फोनवरचं काही कळेना. ओरडून बोलावं तर आईला तेवढा श्वास नाही. शेवटी शेवटी फोन लागायचा, मावशी पलीकडून "अगं बोल ना, बोलत का नाहीस?" म्हणायची आणि आई इकडे रिसीव्हर धरून रडायची. मला ते बघवत नव्हतं. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, मशीन गाडीच्या विजेवर चालणार असेल तर खुशाल जा.

आई सकाळपासून साडी नेसून, घरातल्या मोठ्या मशीनची नळी लावून दारात खुर्चीत बसली होती. मी छोट्या मशीनची वायर गाडीच्या सॉकेटमध्ये घातली. दिवा लागला नाही. काढली, पुसली, पुन्हा घातली. काही नाही.

"किल्ली फिरवली आहे का?" मी विचारलं.

"फिरवलीये की. इंजिन चालू आहे, ताई." काकांनी स्वतः प्लग घातला, काढला, माझ्या फोनचा चार्जर लावून बघितला. तोही मेलेला. रेडिओ मात्र मजेत गात होता.

आईने दारातून पाहिलं. तिला सगळं कळतं. "राहू दे," ती म्हणाली. एका श्वासात तिचे दोन शब्द होतात, कधी तीन. "पुन्हा... जाऊ कधीतरी." हे 'कधीतरी' किती खोटं आहे हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. कोणावर, ते कळेना, म्हणून मी रेडिओ बंद केला.

"थांबा, फ्यूज बघू," काका म्हणाले. किल्ली बंद करून ते स्टिअरिंगच्या खाली जवळजवळ आडवे झाले आणि गुडघ्याजवळचं एक झाकण काढलं. आत रंगीत चपट्या फ्यूजांची रांग होती. झाकणाच्या आतल्या नकाशावर त्यांनी बोट फिरवलं, सॉकेटचं चित्र शोधलं आणि प्लास्टिकच्या छोट्या चिमट्याने एक निळा फ्यूज उपटला. उजेडात धरून मला दाखवला. आतली बारीक पट्टी मधोमध तुटली होती आणि कडेला काळं पडलं होतं.

"उडालाय."

"मग दुसरा टाका!"

"आहे, पंधरा अँपिअरचा एक जादा आहे. हा बघा, निळा."

"एकच? मग तो शेजारचा पिवळा टाका ना. वीस म्हणजे जास्त दमाचा, उडणार तरी नाही."

"नको. फ्यूज उडणार नाही, पण मग वायर तापेल. ती डॅशबोर्डच्या आतून जाते. पंधराच्या जागी पंधराच."

हे मला पटलं, पण त्याच क्षणी दुसरी गोष्ट डोक्यात आली. फ्यूज उगाच उडत नाही. ज्या कशाने हा उडाला, ते अजून तिथेच असेल तर दुसराही उडेल. तो इथे दारात उडाला तर ठीक. पण अर्ध्या रस्त्यात, मशीनची बॅटरी उतरत असताना, आजूबाजूला नुसती शेतं असताना उडाला तर?

"काका, हा उडाला कशामुळे?"

काका तो तुटका फ्यूज तळहातावर फिरवत बसले.

"माहीत नसेल तर मी आईला बसवणार नाही," मी म्हटलं. आवाज चढला होता, चढू दिला. "मला आत्ता कारण हवंय."

माणसाला इथे काय काय म्हणता आलं असतं! गाडी जुनी झाली. उष्णतेने झालं असेल. कालच्या पेशंटने काहीतरी लावलं होतं. मी तपासायला थोडीच जाणार होते? काका कानापर्यंत लाल झाले आणि म्हणाले, "माझ्यामुळे."

मग सगळं बाहेर आलं. सॉकेटच्या तळाशी मळ साठतो, ते त्यांना बघवायचं नाही. म्हणून काकूंची केसांची पिन घ्यायची, तिच्या टोकाला कापूस गुंडाळायचा, तो जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवायचा आणि सॉकेट आतून कोरून पुसायचं. रोज. परवा पुसताना गाणी ऐकायला किल्ली फिरवलेली होती. कापूस सरकला, पिन तळाच्या मधल्या टोकाला आणि बाजूच्या भिंतीला एकदमच टेकली. "चटकन ठिणगी उडाली. मी पिन काढून घेतली. बाकी गाडी नीट चालली, म्हणून मला वाटलं काही झालं नाही. सॉकेट लावून बघायला हवं होतं, ताई. बघितलं नाही."

खुर्चीतून आईचा आवाज आला. "म्हणजे... कारण कळलं."

मला लागलीच उमगलं नाही, तिला उमगलं. पिनेने उडाला आणि पिन तर बाहेर आहे. म्हणजे वायरिंगमध्ये कुठे लपलेला दोष नाही. माझा राग कुठल्या कुठे गेला. 'गाडी जुनी झाली' म्हणून त्यांनी स्वतःची लाज झाकली असती, तर आमचा दिवस तिथेच संपला असता.

तरी काकांनी नवा फ्यूज घालायच्या आधी सॉकेटमध्ये टॉर्च मारली. कापसाचा एक पुंजका राहिला होता, तो लाकडी काडीने काढला. मग फ्यूज बसवला, किल्ली फिरवली आणि चाचणीचा दिवा आणला. त्याची वायर सीटखालच्या उघड्या बोल्टला अडकवून टोक सॉकेटच्या तळाला, मधोमध लावलं. दिवा पेटला. आईने टाळी वाजवली, हळूच.

मशीनची वायर लावली. हिरवा दिवा लागला आणि विझला. प्लग जरा हलवला की लागायचा, सोडला की विझायचा.

"आता काय?" मी.

"आता माझ्या स्वच्छतेचं पाप," काका म्हणाले. रोजच्या ओल्या कापसाने तळाच्या टोकावर हिरवट-काळा थर चढला होता, आणि कोरून कोरून बाजूच्या दोन स्प्रिंगपट्ट्या भिंतीला चिकटून बसल्या होत्या. प्लगला वीज घ्यायला जागाच नीट मिळत नव्हती.

किल्ली बंद. फ्यूज पुन्हा बाहेर. घासायला कोरडं काहीतरी हवं होतं. मी घरात पॉलिशपेपर शोधायला पळणार, तेवढ्यात आईने पर्स उघडून नखं घासायची पट्टी पुढे केली. मावशीकडे जायचं म्हणून तिने नखंसुद्धा केली होती. काकांनी त्या पट्टीने तळाचं टोक घासून तांब्यासारखं चमकवलं, धूळ फुंकून काढली आणि पट्ट्या लाकडी काडीने जराजरा आत वाकवल्या. या कामात त्यांची सावकाशी मला पहिल्यांदाच आवडली.

फ्यूज घातला, इंजिन सुरू केलं, प्लग बसवला. या वेळी तो घट्ट बसला. हिरवा दिवा लागला. काकांनी प्लग हलवला, दार आपटलं, सीटवर बसून दोन उड्या मारल्या. दिवा ढिम्म हलला नाही. तरी आईला त्यांनी लगेच बसू दिलं नाही. मशीन बराच वेळ तसंच चालवलं आणि मग प्लगला हात लावून तो तापत नाही ना ते बघितलं. शिवाय निघताना फ्यूजच्या दुकानावरून गाडी नेली आणि जादा निळे फ्यूज घेतले. ते लागले नाहीत. सगळा रस्ता मी त्या हिरव्या दिव्याकडे बघत होते आणि आई खिडकीबाहेर.

मावशीच्या खोलीत गेलो तेव्हा तिचं तोंड भिंतीकडे होतं. तिला आमची चाहूल लागली नाही. आई पलंगाच्या कडेला बसली आणि तिने मावशीच्या पाठीवर हात ठेवला. मावशी न वळताच म्हणाली, "आलीस?" मग वळली. दोघी एकमेकींचे चेहरे चाचपत राहिल्या. एकीला ऐकू येत नव्हतं, दुसरीला बोलवत नव्हतं, आणि तासभर त्यांचं काही अडलं नाही.

काका दाराबाहेरच उभे होते. आईने मला खूण करून त्यांना आत बोलावलं. मग तिने श्वास भरून घेतला, मी बघत होते, आणि एका दमात म्हणाली, "आज तुम्ही खरं बोललात म्हणून मी माझ्या बहिणीला भेटले." इतकं मोठं वाक्य मी तिच्या तोंडून कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. नंतर तिला धाप लागली, मी मशीन वाढवलं. काका खाली बघत म्हणाले, "अहो माई, पिन तर माझीच ना." आणि त्यांनी सरळ शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.

मावशीला यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. तिने फक्त एक रडणारा माणूस पाहिला आणि त्याचा हात धरला. बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात तिने विचारलं, "तू आणलंस हिला? परत आणशील?"

काका "आणीन, आणीन" म्हणाले. मग तिला ऐकू येत नाही हे लक्षात आलं, तेव्हा नुसती मान हलवत राहिले. मावशीने हात सोडेपर्यंत हलवत होते.